स्ट्रोब चेकलिस्ट पेपरशी कशी जुळवायची: बायस आणि कन्फाउंडिंगचा धागा शेवटपर्यंत कसा न्यायचा

गेल्या काही वर्षांत रेसिडेंट्सचे बरेच ड्राफ्ट वाचले आणि एक चूक इतक्या वेळा बघितली की शेवटी हे लिहायला बसलो. चेकलिस्ट सोबत जोडलेली असते, २२ च्या २२ मुद्द्यांसमोर पान नंबर भरलेला असतो. नवव्या मुद्द्यासमोर, म्हणजे बायसच्या समोर, "पान ६" असतं आणि पान ६ उघडलं की एकच वाक्य: "बायस टाळण्याचा पुरेपूर प्रयत्न केला." कन्फाउंडिंगच्या समोर "पान ७", आणि तिथे "मल्टिव्हेरिएबल लॉजिस्टिक रिग्रेशन वापरलं" एवढंच. कुठला बायस, कुठून येणार होता, काय केलं, कुठले कन्फाउंडर, तेच का, यातलं काहीच नाही. रिव्ह्यूअर मग नेमकं तेच विचारतो आणि तेव्हा उत्तर द्यायला नोंदी सापडत नाहीत.

स्ट्रोब म्हणजे ऑब्झर्वेशनल अभ्यासाच्या पेपरमध्ये काय काय लिहायचं याची २२ मुद्द्यांची यादी. ती कसं काम करते ते आधी दोन ओळीत. तुमचा अभ्यास चांगला होता की वाईट हे स्ट्रोब ठरवत नाही, तुम्ही काय केलं ते वाचणाऱ्याला पूर्ण कळतंय का एवढंच ते बघतं. म्हणून "आमच्याकडून हे झालं नाही" असं स्पष्ट लिहिलं तरी तो मुद्दा पूर्ण होतो, आणि गोलमाल लिहिलं तर अभ्यास कितीही चांगला असला तरी तो अपूर्णच राहतो.

या लेखात सगळे २२ मुद्दे घेत नाहीये. बायस आणि कन्फाउंडिंग हे दोन धागे घेतोय. बायस म्हणजे माणसं निवडताना किंवा माहिती घेताना शिरलेली एकतर्फी चूक, आणि कन्फाउंडिंग म्हणजे तिसऱ्याच एखाद्या गोष्टीमुळे दोन गोष्टींमध्ये दिसणारा संबंध. हे दोनच, कारण ते एका मुद्द्यात संपत नाहीत, पद्धतीपासून चर्चेपर्यंत पाच-सहा मुद्द्यांमधून जातात आणि बहुतेक ड्राफ्टमध्ये मधेच कुठेतरी तुटतात.

सगळीकडे एकच उदाहरण वापरतो. समजा एका मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये केस-कंट्रोल अभ्यास केलाय: गरोदरपणात मशेरी लावणाऱ्या बायकांना कमी वजनाचं बाळ होण्याचं प्रमाण जास्त आहे का. केस म्हणजे २५०० ग्रॅमच्या खालच्या बाळांच्या १६० आया, कंट्रोल म्हणजे २५०० ग्रॅम किंवा जास्त वजनाच्या बाळांच्या १६० आया. आकडे सगळे समजावण्यासाठी बनवलेत, कुठल्या खऱ्या अभ्यासाचे नाहीत.

## टप्पा १: लिहायला बसायच्या आधी चार गोष्टी जवळ घ्या

पहिली गोष्ट, एथिक्स कमिटीने मंजूर केलेला प्रोटोकॉल, मूळ तारखेचा, नंतर सुधारलेला असेल तर दोन्ही. दुसरी, ज्यावर माहिती भरली तो प्रोफॉर्मा, कारण प्रश्न नेमका कसा विचारला हे लिहावं लागतं आणि सहा महिन्यांनी ते आठवत नाही. तिसरी, रोजची नोंदवही: कोण पात्र होतं, कोणी नाही म्हटलं, कोण भेटायच्या आधीच घरी गेलं. चौथी, सॉफ्टवेअरचं पूर्ण आउटपुट, प्रत्येक मॉडेलमध्ये किती जणी होत्या तो आकडा दिसेल असं.

नोंदवही नसेल तर आत्ताच डिलिव्हरी रजिस्टरवरून ती माणसं मोजून काढता येतात का बघा. ड्राफ्ट लिहून झाल्यावर हे काम कोणी करत नाही आणि मग तेराव्या मुद्द्यासमोर, सहभागी किती होते तिथे, फक्त शेवटचा ३२० हा आकडा उरतो.

तपासा: प्रोटोकॉलमध्ये जे कन्फाउंडर लिहिले होते ते सगळे प्रोफॉर्मात विचारलेत का? नसतील तर ते "मोजले नाहीत" असं वेगळ्या कागदावर आत्ताच लिहून ठेवा, सातव्या टप्प्यात लागणार आहेत.

## टप्पा २: आपला डिझाइन कुठला ते नक्की करा आणि त्याचीच चेकलिस्ट घ्या

२२ पैकी १८ मुद्दे कोहोर्ट, केस-कंट्रोल आणि क्रॉस-सेक्शनल तिघांना सारखे आहेत, पण ६, १२, १४ आणि १५ हे चार प्रत्येकाचे वेगळे. डिझाइनप्रमाणे वेगळी यादी मिळते आणि तिघांची मिळून एकत्रही मिळते. एकत्र वापरलीत तर आपल्या डिझाइनच्या ओळी सोडून बाकीच्या खोडून टाका, नाहीतर केस-कंट्रोल अभ्यासात "फॉलो-अपमधून गळालेले" या ओळीसमोर कोणीतरी काहीतरी भरून ठेवतो.

डिझाइन ओळखायचा प्रश्न साधा आहे, माणसं कशावरून निवडली? बाळाच्या वजनावरून निवडली तर केस-कंट्रोल. मशेरी लावते की नाही यावरून, किंवा गरोदर बायका सरसकट घेऊन पुढे बाळंत होईपर्यंत पाठपुरावा केला तर कोहोर्ट. एका महिन्यात बाळंत झालेल्या सगळ्या घेतल्या आणि मशेरी व वजन एकाच वेळी नोंदवलं तर बहुतेक जण त्याला क्रॉस-सेक्शनल म्हणतील. त्यात नंतर कमी वजनाचा एक गट आणि नॉर्मल वजनाचा दुसरा गट असं टेबल केलं म्हणून तो केस-कंट्रोल होत नाही, ही गल्लत फार होते.

सावधान: "प्रॉस्पेक्टिव्ह केस-कंट्रोल" असे शब्द शीर्षकात नकोत. माहिती पुढे जाऊन गोळा केली एवढंच म्हणायचं असेल तर पद्धतीच्या भागात तारखांसकट तसं लिहा.

## टप्पा ३: चेकलिस्ट भरू नका, आधी दोन धाग्यांचा तक्ता करा

हा टप्पा सगळे गाळतात. चेकलिस्ट मुद्द्यांच्या क्रमाने जाते, पण बायस आणि कन्फाउंडिंग आडवे जातात, म्हणून आधी आडवा तक्ता करायचा.

कन्फाउंडिंगचा धागा असा जातो: मुद्दा ७ मध्ये नाव आणि व्याख्या, ८ मध्ये कसं मोजलं, १२ मध्ये विश्लेषणात काय केलं, १४ मध्ये दोन्ही गटांत ते किती होतं आणि किती जणींचं माहीत नाही, १६ मध्ये ॲडजस्ट करायच्या आधीचा आणि नंतरचा आकडा, १९ मध्ये काय उरलं.

बायसचा धागा: ६ मध्ये माणसं कुठून घेतली, ८ मध्ये दोन्ही गटांची माहिती एकसारखी घेतली का, ९ मध्ये काय उपाय केले, १३ मध्ये कोण गळालं, १७ मध्ये वेगळं विश्लेषण करून काय दिसलं, १९ मध्ये बायसने आकडा कुठल्या दिशेला आणि अंदाजे किती ढकलला असेल.

एक्सेलमध्ये प्रत्येक कन्फाउंडरला एक ओळ आणि प्रत्येक बायसला एक ओळ द्या, आणि वरचे मुद्दे म्हणजे कॉलम. रिकामा चौकोन म्हणजे पेपरमध्ये गाळलेली गोष्ट. एकदा एका ड्राफ्टमध्ये पद्धतीत "घरचा धूर" म्हणजे चुलीवरचा स्वयंपाक हा कन्फाउंडर म्हणून लिहिला होता आणि नंतर कुठल्याच टेबलात तो नव्हता, आम्ही तिघांनी वाचूनही आमच्या लक्षात आलं नाही, तक्ता केला तेव्हा ती ओळ सातव्या कॉलमनंतर सरळ रिकामी दिसली.

## टप्पा ४: कन्फाउंडर कसे निवडले ते लिहा, आणि चुकीचं निवडलं असेल तर आत्ताच दुरुस्त करा

सोळाव्या मुद्द्यात दोन गोष्टी स्पष्ट मागितल्यात: कशासाठी ॲडजस्ट केलं आणि ते का घेतलं. "का" हा भाग जवळजवळ कोणीच लिहीत नाही, कारण खरं उत्तर बहुतेक वेळा असं असतं की एकेक व्हेरिएबल वेगळं तपासलं, ज्याची पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली ते मॉडेलमध्ये टाकलं.

ही पद्धत का फसते ते आपल्या उदाहरणात बघा. बाळंतपण किती आठवड्यांनी झालं, हे व्हेरिएबल या चाळणीतून सगळ्यात आधी पास होईल, कारण लवकर जन्मलेलं बाळ बऱ्याचदा कमी वजनाचं असतं. पण मशेरीमुळे बाळंतपणच लवकर होत असेल तर आठवडे हे मशेरी ते वजन या वाटेवरचं मधलं स्टेशन आहे. त्यासाठी ॲडजस्ट केलं की मशेरीचा परिणाम आपणच कापून टाकतो आणि पेपरात "संबंध आढळला नाही" असं लिहितो. उलट शिक्षण हे व्हेरिएबल ३२० जणींमध्ये पी व्हॅल्यू ०.११ घेऊन बाहेर पडू शकतं, पण शिक्षणाचा मशेरीशीही संबंध आहे आणि आहारामार्फत वजनाशीही, म्हणजे ते खरंखुरं कन्फाउंडर आहे. लहान नमुन्यात पी व्हॅल्यू मोठी आली म्हणून कन्फाउंडिंग गायब होत नाही.

त्याऐवजी कागदावर बाण काढा. मशेरी डावीकडे, वजन उजवीकडे, आणि प्रत्येक व्हेरिएबलला तीन प्रश्न: हे मशेरी लावण्याच्या आधीचं किंवा तिचं कारण असू शकतं का? मशेरी सोडून दुसऱ्या वाटेने बाळाच्या वजनावर याचा परिणाम होतो का? हे मशेरीमुळे तर घडत नाही ना? पहिल्या दोनला हो आणि तिसऱ्याला नाही, तर तो कन्फाउंडर म्हणून घ्या. हे तीन प्रश्न म्हणजे पूर्ण शास्त्र नाही, गुंतागुंतीच्या चित्रात बाणांचे नियम नीट शिकावे लागतात, पण थिसिसच्या पातळीवरच्या बहुतेक चुका एवढ्यानेच पकडल्या जातात.

आपल्या अभ्यासात असं ठरलं: वय, शिक्षण, आर्थिक स्तर, कितवं बाळंतपण, आईची उंची आणि गरोदरपणाआधीचं वजन हे कन्फाउंडर. आठवडे हे मधलं स्टेशन, म्हणून मुख्य मॉडेलमध्ये नाही. हिमोग्लोबिनवर आमची दोन मतं होतील असं धरा. कमी खाणारी बाई भूक मारायला मशेरी लावते आणि तिला ॲनिमियाही असतो असं म्हटलं तर ते आहाराची खूण, म्हणजे कन्फाउंडरसारखं आहे, मशेरीनेच ॲनिमिया होतो म्हटलं तर मधलं स्टेशन. अशा वेळी वाद मिटवायची गरज नाही, मुख्य मॉडेलमध्ये ठेवू नका, दुसऱ्या मॉडेलमध्ये घालून तोही आकडा द्या आणि दोन्ही का दिले ते लिहा.

पद्धतीच्या भागात ते असं दिसेल:

> आधीच्या अभ्यासांतून आणि कारण-परिणामाच्या आकृतीवरून विश्लेषणाआधी कन्फाउंडर ठरवले: आईचं वय, शिक्षण, आर्थिक स्तर, बाळंतपणाचा क्रम, उंची, गरोदरपणाआधीचं वजन. बाळंतपणाचे आठवडे हे मशेरीच्या परिणामाच्या वाटेवर असण्याची शक्यता असल्याने मुख्य मॉडेलमध्ये घेतले नाहीत. हिमोग्लोबिनची भूमिका अनिश्चित असल्याने ते फक्त पूरक मॉडेलमध्ये घेतलं.

सावधान: "विश्लेषणाआधी ठरवले" हे खरं असेल तरच लिहा. पी व्हॅल्यू बघून आधी मॉडेल केलं होतं आणि आता आकृती काढून बदललं असेल तर तसंच लिहा, आणि प्रोटोकॉलमध्ये काय होतं तेही. रिव्ह्यूअर प्रोटोकॉल मागवू शकतो.

अजून एक, वय आणि बाळंतपणाचा क्रम जुळवून म्हणजे मॅच करून कंट्रोल घेतले असतील तर "मॅचिंग केल्यामुळे कन्फाउंडिंग नाही" हे वाक्य चुकीचं आहे. केस-कंट्रोलमध्ये मॅच केल्यावर विश्लेषणातही ते धरावं लागतं, आणि कसं धरलं ते सांगायला बाराव्या मुद्द्यात वेगळी ओळ आहे.

## टप्पा ५: बायसचा मुद्दा प्रत्येक बायसला तीन वाक्यं देऊन लिहा

मुद्दा ९ मध्ये "सिलेक्शन बायस, रिकॉल बायस, इंटरव्ह्यूअर बायस टाळले" अशी नावांची माळ लावू नका. प्रत्येकाला तीन वाक्यं द्या: आपल्या अभ्यासात हा कुठून येणार होता, आपण काय केलं, त्याने तो कितपत गेला. दोनच बायस नीट लिहिलेले, आठ नावांपेक्षा चांगले.

पहिला बायस, निवडीचा. मोठ्या हॉस्पिटलमध्ये लांबच्या तालुक्यांतून अवघड केस पाठवल्या जातात, त्यामुळे कमी वजनाच्या बाळांच्या आयांमध्ये गावाकडच्या जास्त, आणि कंट्रोलमध्ये जवळपास राहणाऱ्या, नेहमी इथेच दाखवणाऱ्या जास्त. गावाकडे मशेरीचं प्रमाण मुळातच जास्त असेल तर ती बाळाच्या वजनाशी संबंध नसतानाही केसमध्ये जास्त दिसेल. खरा प्रश्न असा विचारायचा: या कंट्रोल बाईचं बाळ कमी वजनाचं झालं असतं तर ती याच हॉस्पिटलमध्ये येऊन आपल्या केसमध्ये मोजली गेली असती का? ज्यांच्याबद्दल उत्तर खात्रीने हो नाही, तिथे बायस आहे.

दुसरा बायस, सांगण्याचा. प्रसूती वॉर्डमध्ये सासू शेजारी बसलेली असताना "मशेरी लावता का" विचारलं तर काय उत्तर येणार. शिवाय जिचं बाळ एनआयसीयूमध्ये आहे ती आपलं काय चुकलं हे रात्रंदिवस आठवत असते, किंवा उलट, दोष आपल्यावर येईल म्हणून लपवते. आणि विचारणाऱ्या रेसिडेंटला कुठली केस कुठली कंट्रोल हे माहीत असतं, त्यामुळे केसला तो नकळत दोनदा विचारतो.

लिहायचं असं:

> मशेरीबद्दल माहिती लपवली जाण्याची शक्यता होती. म्हणून प्रश्न नातेवाईकांना बाजूला ठेवून, ठरलेल्या शब्दांत आणि दात घासण्याच्या सवयींच्या इतर प्रश्नांमध्ये मिसळून विचारला. विचारणाऱ्याला बाळाचं वजन माहीत होतं, हे टाळता आलं नाही. लघवीतील कोटिनिनची, म्हणजे शरीरात तंबाखू गेल्याच्या खुणेची, तपासणी केली नाही.

शेवटची दोन वाक्यं बघा. जे केलं नाही ते इथेच लिहिलंय, आणि त्याने परिच्छेद कमकुवत न होता विश्वासार्ह होतो, आणि चर्चेतल्या मर्यादांना आधार मिळतो.

तपासा: नवव्या मुद्द्यातलं प्रत्येक "आम्ही केलं" प्रोफॉर्मात किंवा नोंदवहीत दाखवता येतं का? नातेवाईक बाजूला ठेवायचा नियम होता पण निम्म्या वेळा पाळला गेला नसेल, तर "शक्य तिथे" असं लिहा आणि नोंद असेल तर किती वेळा ते द्या.

## टप्पा ६: निकालाच्या भागात दोन्ही धागे आकड्यांत उतरवा

आधी माणसांचा हिशोब. आपल्या उदाहरणात पात्र केस १७६ होत्या: ६ जणींनी नकार दिला, ४ भेटायच्या आधी घरी गेल्या, ६ खूप आजारी होत्या, उरल्या १६०. पात्र कंट्रोल २०५: १४ नकार, ३१ भेटायच्या आधी घरी गेल्या, उरल्या १६०. फक्त "प्रत्येकी १६०" लिहिलं असतं तर हे लपलं असतं की कंट्रोलमधल्या ३१ जणी नॉर्मल बाळंतपण होऊन लवकर घरी गेल्या, केसमधल्या मात्र बाळ आत असल्यामुळे थांबल्या. लवकर जाणाऱ्या कोण होत्या, यावर कंट्रोलमधलं मशेरीचं प्रमाण हलू शकतं. रजिस्टरमधून त्यांचं वय आणि गाव तरी मिळतं, ते मुलाखत झालेल्यांशी ताडून एक ओळ लिहा.

मग मशेरीचा आकडा, आधी क्रूड म्हणजे ॲडजस्ट न केलेला. केसमध्ये ५६ जणी मशेरी लावणाऱ्या, १०४ न लावणाऱ्या, कंट्रोलमध्ये ३२ आणि १२८.

```
क्रूड ऑड्स रेशो = (५६ × १२८) / (१०४ × ३२) = २.१५
९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल: १.३० ते ३.५७
```

ॲडजस्ट केल्यावर समजा १.६८ आला, इंटरव्हल ०.९८ ते २.८८. दोन्ही एकाच टेबलात शेजारी शेजारी द्यायचे. इथे एक मोह होतो, इंटरव्हलमध्ये १ आला म्हणून ॲडजस्टेड आकडा मागे ढकलायचा आणि सारांशात क्रूड घालायचा. तसं अजिबात करू नका, सारांशातला आकडा मुख्य मॉडेलचाच हवा.

आता ती चूक जी मला सगळ्यात जास्त वेळा दिसते. बऱ्याच जणी उशिरा नाव नोंदवतात म्हणून ४१ जणींचं गरोदरपणाआधीचं वजन माहीत नाही. सॉफ्टवेअर त्यांना गुपचूप वगळतं, म्हणून क्रूड आकडा ३२० जणींचा आणि ॲडजस्टेड २७९ जणींचा. २.१५ वरून १.६८ झालं ते कन्फाउंडिंगमुळे की ४१ जणी गेल्यामुळे, सांगता येत नाही. उपाय सोपा: त्याच २७९ जणींमध्ये क्रूड पुन्हा काढा. तो २.१ च्या आसपास आला तर फरक बहुतांशी ॲडजस्ट केल्यामुळे आहे, तो १.७ आला तर गळतीमुळे. प्रत्येक आकड्यासमोर किती जणी ते लिहा, आणि प्रत्येक कन्फाउंडरची माहिती किती जणींची नाही हे केस आणि कंट्रोलचं वेगवेगळं द्या, चौदाव्या मुद्द्यात त्यासाठी ओळ आहे.

सावधान: ॲडजस्टेड टेबलात शिक्षण, वय, उंची सगळ्यांचे ऑड्स रेशो छापून चर्चेत "कमी शिक्षण हाही स्वतंत्र घटक आढळला" असं लिहू नका. ते मॉडेल मशेरीसाठी बांधलंय. शिक्षणासाठी वेगळी आकृती लागते, आणि त्यात उंची, वजन आणि खुद्द मशेरीसुद्धा मधली स्टेशनं ठरू शकतात.

सोळाव्या मुद्द्यात सापेक्ष धोक्याचं प्रत्यक्ष धोक्यात रूपांतर करायची ओळ आहे, "लागू असेल तर" अशी. आपण केस आणि कंट्रोलची संख्या आपणच ठरवली, त्यामुळे या डेटावरून शंभरात किती बाळं हे निघत नाही. तिथे रिकामं न सोडता तेच एक वाक्य लिहा.

## टप्पा ७: मर्यादा लिहिताना दिशा आणि आकार दोन्ही

एकोणिसाव्या मुद्द्यात शब्दशः मागणी अशी आहे की संभाव्य बायसची दिशा आणि प्रमाण दोन्हीची चर्चा करा. "रिकॉल बायस असू शकतो ही अभ्यासाची मर्यादा आहे" याने ती पूर्ण होत नाही. अवघड वाटतं, पण गुणाकार भागाकार येत असेल तर जमतं.

आपल्या आकड्यांवर करून बघू. पहिली शक्यता, दोन्ही गटांतल्या मशेरी लावणाऱ्या पाचपैकी एकीने लपवलं. म्हणजे केसमध्ये खऱ्या ७० होत्या, त्यातल्या ५६ बोलल्या, कंट्रोलमध्ये खऱ्या ४०, त्यातल्या ३२ बोलल्या. दुसरी शक्यता, फक्त कंट्रोलमधल्यांनी लपवलं. तिसरी, दोषाच्या भीतीने फक्त केसमधल्यांनी.

```
दोघींनी सारखं लपवलं:   (७० × १२०) / (९० × ४०)  = २.३३
फक्त कंट्रोलनी लपवलं:   (५६ × १२०) / (१०४ × ४०) = १.६२
फक्त केसनी लपवलं:      (७० × १२८) / (९० × ३२)  = ३.११
```

आपल्याला मिळालेला क्रूड होता २.१५. म्हणजे सारखं लपवलं असेल तर आपला आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी, केसनी लपवलं असेल तर बराच कमी, आणि फक्त कंट्रोलनी लपवलं असेल तर आपला आकडा फुगलेला. या तिन्ही ओळी क्रूडवर केल्यात, ॲडजस्टेडवर हाच हिशोब असा सरळ होत नाही, तेवढं लिहून द्यायचं.

आता कुठली शक्यता जास्त वाटते ते कारणासकट लिहा. इथे लेखकाचं स्वतःचं मत लागतं, ते कोणी तयार करून देणार नाही. मी असं लिहीन: मुलाखत घेणाऱ्याला बाळाचं वजन माहीत होतं, केसना जास्त खोदून विचारलं गेलं असण्याची शक्यता आहे, म्हणून आकडा फुगलेला असण्याकडे आमचा कल आहे, आणि कंट्रोलमधल्या पाचातल्या एकीने लपवलं असेल तर क्रूड १.६२ पर्यंत उतरतो.

निवडीच्या बायसचंही तसंच. फक्त या हॉस्पिटलमध्येच नाव नोंदवलेल्या, बाहेरून न पाठवलेल्या बायका घेऊन पुन्हा मोजा. समजा केस ९६, त्यात मशेरीच्या ३०, कंट्रोल ११८, त्यात २२. ऑड्स रेशो १.९८. २.१५ च्या जवळच आहे, म्हणून लांबून पाठवलेल्या केसमुळे सगळा संबंध तयार झाला असं दिसत नाही, असं सतराव्या मुद्द्यात आकडा देऊन आणि एकोणिसाव्यात अर्थ सांगून लिहा. दोन्ही ठिकाणी हवं, एकातच नको. आणि हे विश्लेषण करणार असल्याचं बाराव्या मुद्द्यात, पद्धतीतही, दिसलं पाहिजे.

शेवटी न मोजलेले कन्फाउंडर, जे पहिल्या टप्प्यात वेगळ्या कागदावर लिहून ठेवले होते. आपल्याकडे आहार नीट मोजला नाही. कमी खाणाऱ्या बायकांमध्ये मशेरी जास्त असेल आणि कमी आहाराने वजनही कमी, तर १.६८ सुद्धा खऱ्यापेक्षा जास्त असेल. दिशा सांगितली, आता प्रमाणाबद्दल जेवढं सांगता येतं तेवढं: उंची आणि आधीचं वजन मॉडेलमध्ये आहे, त्यातून आहाराचा काही भाग पकडला गेला, पूर्ण नाही.

तपासा: मर्यादांच्या परिच्छेदात "असू शकतो" जिथे जिथे आहे तिथे पुढे "त्यामुळे आकडा वर किंवा खाली" हे आलंय का? आणि निष्कर्षात "मशेरीमुळे वजन कमी होतं" असं ठाम वाक्य उरलं असेल तर ते मर्यादांशी भांडतंय, "मशेरीशी संबंध दिसला, पण कन्फाउंडिंग पूर्ण वगळता आलेलं नाही" इथपर्यंतच जा.

## टप्पा ८: आता चेकलिस्ट भरा

तिसऱ्या टप्प्यातला तक्ता पुन्हा उघडा आणि प्रत्येक चौकोनात पेपरमधलं वाक्य खरंच आहे का बघा. वाक्य सापडलं की त्याचा विभाग आणि परिच्छेद क्रमांक चेकलिस्टमध्ये लिहा, "पद्धती, परिच्छेद ४" असा. पान नंबर शेवटच्या दिवशीच, कारण सहलेखकांच्या दुरुस्त्यांनी पानं सरकतात आणि सबमिशन सिस्टीम पीडीएफ बनवते तेव्हा शीर्षकाचं पान पुढे घालून पुन्हा सरकवते. जर्नलला पान नंबरच हवे असतील तर सिस्टीमने बनवलेली पीडीएफ उघडून त्यावरून भरा.

"हो" आणि "लागू" हे शब्द चेकलिस्टमध्ये लिहू नका, जागा लिहा. जे लागू नाही तिथे कारण लिहा, जसं प्रत्यक्ष धोक्याच्या ओळीसमोर "केस-कंट्रोल, या डेटावरून काढता येत नाही, पहा निकाल, परिच्छेद ३".

मग पेपर आणि चेकलिस्ट अभ्यासात नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला द्या, फक्त सहा मुद्दे तपासायला सांगा: ७, ९, १२, १३, १६ आणि १९. तिने प्रत्येक ठिकाणी जाऊन कन्फाउंडरची नावं एका कागदावर उतरवायची. सातव्यातली यादी, बाराव्यातली यादी आणि सोळाव्याच्या टेबलाखालच्या टीपेतली यादी, तिन्ही सारख्या आल्या तर अपलोड करा. एखादं नाव कमी-जास्त आलं तर आधी सॉफ्टवेअरचं आउटपुट उघडा, कारण मॉडेलमध्ये प्रत्यक्षात काय होतं ते तिथेच लिहिलेलं असतं, आणि मजकूर त्याप्रमाणे बदला.